दोन लार्ज तेच, ब्रँड तोच, मग मलाच का चढली?

लोअरपरेलवाली · शनि, सकाळी ११:४०

टोमणे मारायचे असतील तर धाग्याच्या शेवटी मारा, आधी प्रश्न वाचा.

काल ऑफिसची पार्टी होती. क्लायंटचं काम अडकल्यामुळे दुपारचा डबा तसाच परत आला. चारला एक कटिंग घेतला, बस्स. साडेसातला बारमध्ये बसलो. मी आणि शेजारच्या टीममधला एकजण, दोघांनीही व्हिस्की-सोडा घेतला, दोन-दोन लार्ज, साधारण चाळीस मिनिटांत. तो येताना खाली बिर्याणी हाणून आला होता. चकणा आला तो दुसरा पेग संपता संपता.

सव्वाआठला मला उभं राहता येईना. जीभ जड, समोरचा बोलतोय ते अर्ध्या सेकंदाने कळतंय. तो मात्र शांतपणे अप्रेझलबद्दल बोलत होता. मैत्रिणीने घरी सोडलं.

सगळे म्हणतात 'तुला सवय नाही'. पण भावाच्या हळदीला एवढीच घेतली होती, जेवता जेवता, आणि नंतर नाचले होते. माझं वजन ५५, त्याचं ८५ असेल. नेमकं काय होतं ते कुणी नीट सांगेल का?

बोंबीलफ्राय · शनि, १२:०५

अहो यात नीट सांगण्यासारखं काय आहे! बसण्याआधी चमचाभर तूप नाहीतर बटर लावलेला पाव खायचा. पोटाच्या आतून तुपाचा थर बसतो, दारू त्या थरातून झिरपत नाही, सरळ खाली निघून जाते. गटारीला आमच्या चाळीत पहिलं मटण आणि मग बाटली हा नियमच आहे. आजपर्यंत एकही माणूस जिन्यात सापडलेला नाही.

दहिसरची_मीराताई · शनि, १२:३०

रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होणारच ग. उपाशी पोटी ऍसिड आधीच साचलेलं असतं. मला तर नुसत्या चहानेही होते. सकाळी कोकम सरबत घे, आणि ऑफिसला निघताना ऍसिडिटीची गोळी घेत जा.

लोअरपरेलवाली · शनि, १२:३८

ताई, जळजळ नाही झाली हो. चढली लवकर, त्याचं विचारतेय.

निवृत्त_नमुना · शनि, दुपारी २:१५

माझी नोकरी रक्ताच्या नमुन्यातलं अल्कोहोल मोजण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बोंबीलराव, तुमचा नियम बरोबर आहे, कारण चुकीचं. तुपाचा असा थरबीर बसत नाही. जठरातून अल्कोहोल रक्तात शिरतं, पण थोडंच. खरं शोषण होतं पुढे, लहान आतड्यात, कारण तिथला पृष्ठभाग जठराच्या कितीतरी पट मोठा आहे. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो की दारू जठरातून आतड्यात किती लवकर उतरते.

जठराच्या तळाशी स्नायूचं एक वळं असतं, पायलोरस म्हणतात त्याला. पोट रिकामं असेल तर पातळ पदार्थाला ते फारसं अडवत नाही, काही मिनिटांतच खाली सोडायला लागतं. पोटात जेवण असेल तर ते आवळलेलं राहतं आणि दळून पातळ झालेलं अन्न थोडं थोडं पुढे ढकलतं. व्हिस्की त्या अन्नात मिसळलेली असते, तिलाही त्याच गतीने जावं लागतं. तूप असो, भात असो, अंडी असोत, यात फार फरक पडत नाही. पोटभर जेवण महत्त्वाचं. तेलकटाचं कौतुक होतं कारण ते जठरात जास्त वेळ रेंगाळतं, पण वरण-भातही काम करतो.

आता दुसरा भाग, जो बरेच जण विसरतात. आतड्यातून निघालेलं रक्त थेट शरीरभर जात नाही, आधी यकृतातून जातं. यकृताची अल्कोहोल जाळायची गती जवळजवळ ठरलेली आहे. दादरच्या एकाच चालू तिकीट खिडकीचा विचार करा. माणसं एकेक करून आली तर रांग लागत नाही. पूर्ण लोकल एकदम उतरली तर खिडकी तेवढ्याच वेगाने तिकिटं देते आणि बाकीचे फलाटभर पसरतात. उपाशी पोटी तुमच्या यकृताचं तेच झालं. दारू एकदम आली, बरीचशी न जाळता पुढे निसटली आणि मेंदूपर्यंत पोचली. जेवलेल्या माणसात ती झिरपत येते, पहिल्या फेरीतच काही भाग यकृत जाळून टाकतं. त्यामुळे जेवणाने नुसता उशीर होत नाही, एकूण पातळीही कमी राहते. शिखर एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही खाली आलेलं अनेक प्रयोगांत दिसलंय.

बोंबीलफ्राय · शनि, २:४०

म्हणजे मटण जिंकलं ना शेवटी! बाकी तुमचं यकृत-बिकृत चालू द्या.

निवृत्त_नमुना · शनि, २:५२

जिंकलं, पण ते बाटलीच्या आधी होतं म्हणून. आपल्याकडची बहुतेक मंडळी उलटं करतात. आठला बसायचं, अकरापर्यंत शेंगदाणे आणि मसाला पापड, आणि सगळ्यात शेवटी जेवण. त्या जेवणाला अडवायला काही उरलेलंच नसतं. रक्तात गेलेली दारू भाकरी शोषून घेत नाही.

सोडावॉटर · शनि, ३:२०

धागाकर्तीने सोडा घेतला होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? गॅसमुळे दारू ढकलली जाते, शॅम्पेन म्हणूनच लवकर चढते. पाण्यातून घेतली असती तर असं झालं नसतं.

निवृत्त_नमुना · शनि, ४:०५

गॅसबद्दल पुरावा मिश्र आहे. काही प्रयोगांत काही लोकांना फेसाळ पेयातून शोषण लवकर झालं, काहींना अजिबात फरक पडला नाही. म्हणून 'सोड्यामुळेच' असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा तीव्रता बघा. आपली व्हिस्की ४२.८ टक्के. तेवढाच सोडा किंवा तेवढंच पाणी घातलं की एकवीसच्या आसपास येते, आणि वीस-तीस टक्क्यांचं पेय रिकाम्या पोटातून सगळ्यात वेगाने शोषलं जातं. कोरी मारली तर जठराला ती बोचते, पायलोरस आकसतं, कधी कधी थोडी उशिरा उतरते. (हा सल्ला नाही. कोरी घेणारा सहसा पटापट घेतो आणि तिथेच सगळं मुसळ केरात जातं.) मोठ्या ग्लासात भरपूर पाणी घालून घेतलेली किंवा बीअर तुलनेने हळू चढते.

सोडावॉटर · शनि, ४:११

मिश्र पुरावा म्हणजे मी चूक सिद्ध झालो नाही. नोंद असावी.

चारकोपकर · शनि, सायं ६:३०

माझा अनुभव वेगळाच आहे. वजन खूप होतं तेव्हा माझ्यासमोर कुणी टिकायचं नाही. मग बायपास केली, हृदयाची नाही, वजनाची, जठराची. आता पन्नासएक किलो उतरलंय. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते दारू टाळा, मला वाटलं सगळ्यांनाच म्हणतात. लग्नात एक स्मॉल घेतला, तोही जेवण झाल्यावर, आणि दहा मिनिटांत हॉल फिरायला लागला. बायकोला वाटलं हार्ट ॲटॅक. जेवलो होतो ना मी! मग जेवणाचा नियम कुठे गेला?

निवृत्त_नमुना · शनि, ७:१०

नियमाचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. त्या शस्त्रक्रियेत जठराची छोटीशी पिशवी ठेवून ती सरळ लहान आतड्याला जोडतात. पायलोरस वाटेतच येत नाही. तुम्ही कितीही जेवा, अडवणारं कुणी नाही. शिवाय वजन उतरलं म्हणजे दारू पसरायला जागाही कमी. तुमच्या डॉक्टरांनी सगळ्यांना सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं.

मीराताईंच्या गोळीवरून आठवलं. मळमळ, पोटफुगी यासाठी जी औषधं जठर लवकर रिकामं करतात, मेटोक्लोप्रमाइडसारखी, ती घेऊन प्यायलात तर शोषणही लवकर होतं.

लोअरपरेलवाली · शनि, रात्री ९:००

काका, पोट समजलं. पण ५५ आणि ८५ चं काय? मी लहान म्हणून दीडपट चढली, एवढंच का? आणि तुम्ही आकड्यात सांगू शकाल का, माझी आणि त्याची?

निवृत्त_नमुना · रवि, सकाळी ८:२०

सांगतो, अंदाज म्हणून घ्या, तुमचं रक्त मी तपासलेलं नाही.

एक लार्ज म्हणजे ६० मिली. ४२.८ टक्क्यांनी त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. दोन लार्ज, ४० ग्रॅम. दोघांनीही तेवढंच घेतलं.

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जवळजवळ नाही. म्हणून वजनापेक्षा पाणी किती ते बघायचं. स्वीडनच्या विडमार्क यांनी १९३२ मध्ये यासाठी जो गुणक मांडला तो आजही वापरतात. सरासरी पुरुषाला ०.६८, सरासरी बाईला ०.५५, कारण बायकांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचा वाटा जास्त असतो. तुमचे ५५ किलो गुणिले ०.५५, म्हणजे ३० किलोत पसरायची जागा. त्याचे ८५ गुणिले ०.६८, म्हणजे जवळपास ५८. वजनात फरक दीडपट, जागेत जवळजवळ दुप्पट.

४० ग्रॅम तुमच्या ३० मध्ये टाकले तर १०० मिली रक्तामागे साधारण १३४ मिलिग्रॅम येतात, त्याच्या ५८ मध्ये ७०. हे सगळं एका क्षणात शोषलं गेलं असं धरून. यकृत तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास खाली आणतं, माणसागणिक १० ते २० किंवा थोडं जास्त. तुम्ही उपाशी होता, म्हणजे साडेआठच्या सुमारास तुमचं शिखर ११५ ते १२० असावं. तो जेवला होता, त्याचं ४० ते ४५ च्या वर गेलं नसावं, आणि तेही नऊ-साडेनऊच्या पुढे कधीतरी. म्हणजे सव्वाआठला तुम्ही दोघे समोरासमोर बसला होता तेव्हा तुमच्या रक्तात त्याच्या तिपटीच्या आसपास अल्कोहोल होतं. सवयीचा मुद्दा यानंतर येतो.

आणखी एक गोष्ट. पातळी चढताना माणूस जितका झिंगतो तितका तो त्याच पातळीवर उतरताना झिंगलेला दिसत नाही. मेंदू काही तासांतही जुळवून घेतो. तुमची चढण उभी होती, त्यामुळे जुळवून घ्यायला वेळच मिळाला नाही.

लोअरपरेलवाली · रवि, ९:४५

तिप्पट! आता सोमवारी त्या माणसाला हे दाखवणार आहे. हळदीला काय झालं होतं तेही कळलं. तेव्हा एक जेवणाआधी आणि एक जेवताना होती, मध्ये दोन तास.

अनिकेत_माहीम · रवि, ११:१५

इथे गाडीचं कुणी बोललंच नाही. मी नेहमी पूर्ण जेवून दोन घेतो आणि निघतो. लगेच निघालं की मशीनमध्ये येत नाही, कारण रक्तात गेलेलीच नसते. माहीम कॉजवेच्या नाक्यावर दोनदा फुंकलंय, दोन्ही वेळा सोडलं. काकांच्या थिअरीप्रमाणेही हे बरोबरच आहे ना?

निवृत्त_नमुना · रवि, दुपारी १:००

थिअरीप्रमाणे तुम्ही बॉम्ब पोटात ठेवून निघताय. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. जेवलेल्या माणसाची पातळी प्यायल्यानंतरही तास-दीड तास चढत राहू शकते. नाक्यावर २० असेल, बोरिवलीला पोचेपर्यंत ४० असेल. आणि चढतीच्या काळात झिंग जास्त असते, ते वर लिहिलंच आहे. शिवाय तोंडात नुकतीच घेतलेली दारू असेल तर पहिली काही मिनिटं मशीन उलट जास्तही दाखवतं, तेव्हा 'लगेच निघालं की येत नाही' हे धरून चालू नका.

उतरण्याचंही बघा. धागाकर्तीचं शिखर १२० धरलं तर ३० च्या खाली यायला सहा तास. साडेआठचं शिखर, म्हणजे रात्रीचे अडीच. शून्याला साडेचार. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, यातलं काहीही यकृताचा वेग वाढवत नाही.

अनिकेत_माहीम · रवि, १:२०

मग जेवून हळूहळू, तासाला एक घेतली तर? शून्यावरच राहील.

निवृत्त_नमुना · रवि, २:०५

एक म्हणजे लार्ज की स्मॉल? ८५ किलोच्या त्या माणसाचं यकृत तासाला साधारण साडेआठ-नऊ ग्रॅम जाळतं, म्हणजे स्मॉलपेक्षाही थोडं कमी. तो तासाला एक लार्ज घेत राहिला तर दर तासाला अकरा-बारा ग्रॅम शिल्लक साचत जातं. तीन तासांत तो तिथेच पोचतो जिथे घाईत पिणारा पोचतो, फक्त त्याला ते कळत नाही. ५५ किलोच्या बाईंचं यकृत तासाला साडेचार-पाच ग्रॅम जाळेल. त्यांना एक लार्ज पूर्ण संपवायला चार तासांच्या आसपास लागतात. वेग कमी केल्याने शिखर बुटकं होतं, पण घेतलेले ग्रॅम गायब होत नाहीत.

बोंबीलफ्राय · रवि, ३:३०

च्यायला, म्हणजे आमच्या बीअरवाल्यांचं बरं. एक बाटली घेतली की झालं, व्हिस्कीच्या भानगडीतच नको.

निवृत्त_नमुना · रवि, ४:१०

कुठली बाटली? ६५० ची स्ट्रॉंग, ८ टक्क्यांची असेल तर त्यात ४१ ग्रॅम आहेत. म्हणजे दोन लार्ज. साधी ५ टक्क्यांची असली तरी २५ ग्रॅम, एका लार्जपेक्षा जास्त. पाणी भरपूर असल्यामुळे ती पोटातून हळू उतरते हे खरं, पण उपाशी पोटी उन्हातून येऊन एक स्ट्रॉंग दहा मिनिटांत संपवणाऱ्याला तो फायदा फार मिळत नाही.

दहिसरची_मीराताई · रवि, सायं ५:०५

काका, एक विचारते. आमच्या ह्यांना डायबिटीस आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. शनिवारी दोन घेतात. हल्ली 'वजन कमी करायचं' म्हणून त्या दिवशी रात्री जेवतच नाहीत, नुसती काकडी. ते चालेल का? तूप नको म्हणून म्हणतात.

निवृत्त_नमुना · रवि, ५:४०

नाही चालणार, आणि त्याचं कारण झिंगेपेक्षा गंभीर आहे. जेवण नसेल तेव्हा रक्तातली साखर यकृत स्वतः तयार करून टिकवतं. अल्कोहोल जाळायला लागलं की नवीन साखर बनवायचं काम मागे पडतं. ग्लिमेपिराइड त्याच वेळी इन्शुलिन वाढवत असतं. साखर खाली येते, कधी कधी काही तासांनी, मध्यरात्री किंवा पहाटे. आणि ती खाली आली की माणूस घामेजतो, असंबद्ध बोलतो, लटपटतो, म्हणजे अगदी प्यायल्यासारखाच दिसतो. घरच्यांना वाटतं झोपू द्या, उतरेल.

त्यामुळे एकतर नीट जेवून घ्यायची, नाहीतर त्या दिवशी दारूच नको. काकडीत साखर टिकवण्याइतकं काही नाही. त्या रात्री विचित्र वाटले तर ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीत असतील, गिळता येत असेल, तर साखरेचं पाणी द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, डोसही कदाचित बदलतील.

दहिसरची_मीराताई · रवि, ५:५५

पहाटे घामाने भिजलेले असतात हो. दोनदा झालंय. मी पंखा वाढवला होता.

निवृत्त_नमुना · रवि, ६:०२

मीराताई, उद्याच डॉक्टरांकडे जा. ग्लुकोमीटर नसेल तर आज रात्रीच आणा आणि उशाशी ठेवा.

चारकोपकर · रवि, ६:२०

ताई, दहिसर पश्चिमेला स्टेशनच्या समोरच्या गल्लीत मेडिकल रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं. पट्ट्या वेगळ्या मागून घ्या, मशीनबरोबर दहाच येतात.